भिंतीवरचे बोंड

जाहिरात मनुष्यास माहिती देते की भुरळ घालते, हा प्रश्न दिसावयास सोपा आहे आणि त्यावर बहुतेकांचे मत तयार असते. व्यापाऱ्यास विचारावे, तर तो म्हणतो की माल काय आहे व कोठे मिळतो एवढेच मी सांगतो; घेणे न घेणे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आहे. ज्याचे पैसे बुडाले त्यास विचारावे, तर तो म्हणतो की मला भुलविले. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेदेखील ह्या प्रश्नास दोन वेळा जी उत्तरे दिली ती वरवर पाहता एकमेकांच्या उलट आहेत. त्यांचा विचार पुढे येईलच. परंतु ह्या प्रश्नाची गाठ नेमकी कोठे बसली आहे ते मला निकालपत्रांत आधी दिसले नाही. कारंजा तालुक्यातील एका लग्नात माझ्या दोन भावंडांचे जे भांडण जुंपले त्यात दिसले. म्हणून आधी ते भांडणच सांगतो.

वाशीम जिल्ह्यातले मे महिन्यातले लग्न म्हणजे खरिपाच्या उंबरठ्यावरचे लग्न. नांगरलेली वावरे उन्हात तापत पडलेली असतात, रोहिणी नक्षत्र आठ-दहा दिवसांवर येऊन ठेपलेले असते, आणि वऱ्हाडी मंडळींच्या बोलण्यात वधूवरांइतकाच पावसाचा विषय निघतो. कारंजाहून गावाकडे येणाऱ्या रस्त्याने ज्या म्हणून भिंती दिसल्या, मग त्या गोठ्याच्या असोत की पडक्या वाड्याच्या, त्या बहुतेक सर्वांवर पांढऱ्याशुभ्र बोंडांनी लदलेली पऱ्हाटी रंगविली होती. शेजारी फेटा बांधलेला शेतकरी, आणि खाली वाणाचे नाव. बी अजून दुकानांत यावयाचे होते. नावे मात्र आधीच येऊन भिंतींवर बसली होती.

भांडणातील पात्रे तीन. ताई माझी चुलतबहीण. मुंबईत जाहिरातीच्या धंद्यात तिची बावीस वर्षे गेली. दादा आमचा आतेभाऊ. कारंजात त्याचे कृषी केंद्र आहे, म्हणजे भिंतीवरचे बी शेवटी ज्याच्या फळीवरून शेतकऱ्याच्या हाती जाते तो हा मनुष्य. तिसरा भाऊ, आमचा धाकटा चुलतभाऊ. त्याची चौदा एकर कोरडवाहू जमीन आहे, त्यापैकी निम्मी मुरमाड. पहिली पंगत उठली होती, गोरज मुहूर्तास अवकाश होता, आणि मांडवाच्या सावलीत पानसुपारी चालू होती. भाऊने खिशातून एक रंगीत पत्रक काढले आणि दादाला विचारले, “रस्त्यावरच्या भिंतीवर आहे तेच हे बी. यंदा सात एकरांत घालू का?”

“भिंतीलाच विचार,” दादा म्हणाला.

एवढ्या दोन शब्दांवरून वाद सुरू झाला. कारण ताई तेथेच बसली होती आणि ती भिंत तिच्याच धंद्याने रंगविली होती.

ताईचे म्हणणे तिने मोठ्या शांतपणे मांडले. ती म्हणाली, “आजचे हे लग्न तरी कसे जमले? मुलीचा फोटो आणि एक कागद वधूवर सूचक मंडळात गेला. त्या कागदावर तिचे शिक्षण होते, उंची होती, ‘गृहकृत्यदक्ष’ असेही लिहिले होते. फोटो चांगल्यातला चांगला निवडला होता. ही जाहिरात नव्हे तर काय? पण म्हणून मुलाकडच्यांना कोणी भुलविले असे तू म्हणशील का? अशी मुलगी आहे एवढे त्यांना कळले. ते कळले नसते तर स्थळ इथून तीस मैलांवर असूनही ते नागपूरपर्यंत हिंडत बसले असते. जाहिरात इतकेच करते, दादा. ती शोधाचा खर्च वाचविते.”

दादा हसला. “कागद आल्यावर मुलाकडच्यांनी काय केले ते सांग.”

“चौकशी केली.”

“कोणाकडे? मंगरूळपीरच्या मावशीकडे केली, मुलीच्या शाळेतल्या बाईंकडे केली, शेजारी केली. दोनदा घरी येऊन गेले. चार महिने लावले. कागदावर एक शब्द जास्तीचा असता तर तो तिथेच गळून पडला असता. कागदामागे चौकशी उभी होती, म्हणून तो कागद माहिती ठरला. आता हे पत्रक घेऊन भाऊने चौकशी कोणाकडे करावी?”

हा दृष्टांत ताईने आपल्या बाजूने काढला होता, तो असा उलटलेला पाहून तिला थोडा राग आला. तथापि तो तिने गिळला आणि भाऊच्या समोर पडलेल्या एका रिकाम्या चुंगड्याकडे बोट दाखविले. ते सोयाबीनच्या बियाण्याचे होते आणि मंडपाच्या खांबापाशी कोणी बसावयास घेतले होते. “तपासता येत नाही असे कसे म्हणतोस? त्यावर सगळे छापलेले आहे.”

येथे वाचकांची परवानगी घेऊन त्या चुंगड्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळा वाद त्या एका वस्तूत साठलेला आहे. बियाण्याच्या पिशवीस दोन तोंडे असतात. एका तोंडावर चित्र असते: हिरवेगार शेत, शेंगांनी वाकलेले झाड, एखादे भारदस्त नाव. दुसऱ्या बाजूस एक लहानसा कागद शिवलेला असतो. प्रमाणित बियाण्यास निळा, आणि ज्याची हमी विकणारा स्वतःच्या शब्दावर देतो त्या ‘सत्यतादर्शक’ बियाण्यास हिरवा. त्या कागदावर लॉट क्रमांक, शुद्धतेचे प्रमाण, उगवणशक्ती, तपासणीची तारीख इत्यादी गोष्टी असतात. हा कागद विक्रेत्याने हौसेने लावलेला नसतो. १९६६ च्या बियाणे कायद्याने तो त्याच्यावर लादलेला असतो. सोयाबीनची उगवणशक्ती शंभरांत किमान सत्तर असली पाहिजे, असा दंडक आहे. एकाच पिशवीवर समोर जाहिरात आणि मागे माहिती अशी ही शेजारशेजारची वस्ती आहे, आणि त्यांतला फरक असा की मागच्या कागदावरचा आकडा खोटा ठरू शकतो. समोरचे चित्र खोटे ठरू शकत नाही, कारण ते काही म्हणतच नाही.

भाऊने ती परीक्षा स्वतः केलेली होती आणि त्याने ती आम्हांस सांगितली. चुंगड्यातून न निवडता मूठभर दाणे काढावे आणि त्यांतले शंभर मोजावे. फुटका, सुरकुतलेला दाणा आला म्हणून टाकू नये. तो टाकला की परीक्षा फुकट गेली. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत ते मांडावे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे, वाळू देऊ नये, आणि सहा-सात दिवसांनी उघडून चांगले अंकुर मोजावे. सत्तर निघाले तर एकरी तीस किलो हे नेहमीचे प्रमाण ठीक. गेल्या वर्षी भाऊच्या घरच्या बियाण्याचे साठच निघाले, तेव्हा त्याने तिसाला सत्तरांनी गुणून साठांनी भागले आणि एकरी पस्तीस किलो पेरले. आठ दिवसांत आणि एका फाटक्या गोणपाटात त्याला जे कळले ते कोणा कंपनीस वा सरकारास विचारावे लागले नाही.

“आणि तरीही,” दादा म्हणाला, “त्या कागदावरही मी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही.” त्याचे कारण ऐकण्याजोगे आहे. सोयाबीनच्या दाण्याची साल अतिशय पातळ असते. ट्रकवरून पोते खाली फेकले, त्यावर माणसे चढली, दोन-तीन ठिकाणी असे झाले, की आतला अंकुर दुखावतो. दाणा वरून चांगला दिसतो आणि मातीत कुजतो. तपासणीच्या दिवशी पंच्याऐंशी उगवलेला लॉट दुकानाच्या दारात साठावर आलेला असू शकतो. कागद लिहिणारा लबाड नसतो. कागद लिहिल्यानंतर जे घडले ते कागदास ठाऊक नसते. २०२० सालच्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभर तक्रारींचा पाऊस पडला, तेव्हा दादाच्या दुकानापुढेही लोक जमले होते. ज्यांनी गोणपाटाची परीक्षा केली होती ते त्या गर्दीत थोडे होते, असे तो म्हणाला.

ताईस ह्यात आपला जय दिसला. माहिती असते, ती तपासता येते, न तपासणाऱ्याचा दोष जाहिरातीवर का लादावा? तिचा हा सवाल सोयाबीनपुरता मला बिनतोड वाटला, आणि अजूनही वाटतो. परंतु भाऊच्या हातातले पत्रक सोयाबीनचे नव्हते, कपाशीचे होते.

सोयाबीनच्या वाणाचे बी घरी राखता येते. ते दोन-तीन वर्षे आपल्या गुणाला जागते. संकरित कपाशीचे तसे नाही. तिची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर पीक एकसारखे येत नाही, म्हणून दर वर्षी पाकीट विकत घ्यावे लागते. ते उगवते की नाही हे गोणपाट सांगेल. पण शेतकऱ्यास उगवण विकत घ्यावयाची नसते, त्यास कापूस विकत घ्यावयाचा असतो. एकरी किती क्विंटल निघेल, हे त्यास दिवाळीनंतर कळते. आणि कळते तेही संमिश्र: कमी निघाला तो बियाण्याने, की ऑगस्टातल्या उघडिपीने, की बोंडअळीने, की मुरमाड जमिनीने, हे वेगळे काढून दाखविणारा कोणी नसतो. चांगला निघाला तरी तीच अडचण आहे. म्हणजे ज्या गोष्टीसाठी बी घ्यावयाचे तीच गोष्ट घेण्यापूर्वी तपासता येत नाही, आणि घेतल्यानंतरही धडपणे तपासता येत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट दादाने सांगितली, जी दुकानदारावाचून दुसऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत सरकार ठरविते. डिसेंबर २०१५ च्या आदेशापासून ती सर्व देशभर एकच असते. अळीला मारणारे जे जनुक आत घातलेले असते, तेही बहुतेक सर्व पाकिटांत एकच. मूळ वाण वेगवेगळे असतात आणि त्यांत खरा फरक असतो, हे दादा नाकारीत नव्हता. परंतु तो फरक पाकिटावरून दिसत नाही. “किंमत सारखी, जनुक सारखे, आतला फरक झाकलेला. मग कंपनीने एकमेकींशी झगडायचे कशाने? नावाने आणि भिंतीने. ज्या नावाची हवा होते त्याच्यासाठी लोक रांग लावतात, ठरल्या किमतीवर जास्त पैसे मोजतात, आणि शेजारी तितकेच चांगले पाकीट पडून राहते. ताई, इथे जाहिरात माहितीच्या जोडीला आलेली नाही. ती माहितीच्या रिकाम्या जागी येऊन बसली आहे.”

“पत्रकावर प्लॉटचा फोटो आहे,” ताई म्हणाली. “तो शेतकरी खरा आहे. त्याचे गाव खरे आहे. मी असले फोटो काढवून घेतले आहेत. त्यांत आम्ही खोटे शेत दाखवीत नाही.”

“खोटे नसतेच. तीच तर पंचाईत आहे.” दादाने पत्रक भाऊकडून घेतले. “हा प्लॉट विहिरीजवळचा, ठिबकाखालचा. कंपनीने असे शंभर प्लॉट घातले असतील; आपल्या पत्रकावर कोणता येणार? शंभरात पहिला आलेला. नव्याण्णवांचे फोटो कोणी छापीत नाही. आणि सगळी बोंडे एकदम फुटलेली पऱ्हाटी भिंतीवर असते. वावरात तीन-चार वेचे होतात. भाऊने विचारायचे ते असे: किती गुंठ्यांचा प्लॉट, ओलिताचा की कोरडवाहू, जमीन कसली, वेचे किती, आणि धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याला दुसऱ्या बियाण्याने किती झाला? ह्यातल्या एकाचेही उत्तर पत्रकावर नाही.”

आता न्यायालयाच्या त्या दोन निकालांकडे वळतो. १९५४ साली औषधांच्या व जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींस बंदी करणारा कायदा झाला. दिल्लीच्या हमदर्द दवाखान्याने त्यास आव्हान दिले, आणि डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जाहिरात हा भाषणाचाच एक प्रकार असला, तरी निव्वळ व्यापाराच्या हेतूने केलेल्या अशा जाहिरातीस भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण मिळत नाही. पुढे १९९५ साली दुसरा वाद आला. टाटा प्रेस ही संस्था व्यापाऱ्यांच्या जाहिरातींची ‘पिवळी पाने’ छापीत असे; दूरध्वनी निगमाचे म्हणणे असे की अशी यादी छापण्याचा अधिकार आपलाच. त्या वेळी न्यायालयाने जाहिरातीस भाषणस्वातंत्र्यात जागा दिली, आणि कारण असे दिले की ती लोकांस माहिती पुरविते व ती माहिती मिळण्याचा लोकांस हक्क आहे. फसव्या जाहिरातीस मात्र हे संरक्षण नाही, असेही बजावले.

कायद्याचे विद्यार्थी ह्या दोन निकालांची सांगड निरनिराळ्या रीतींनी घालतात. मला मात्र मांडवातले भांडण ऐकताना असे वाटले की न्यायाधीशांपुढे दोन वेळा दोन निराळ्या वस्तू होत्या. पिवळ्या पानांत काय असते? नळ दुरुस्त करणाऱ्याचे नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक. खोटा निघाला तर एका फोनात कळते. औषधाच्या जाहिरातीत काय असते? हा रोग ह्या चूर्णाने बरा होईल. रोगी बरा झाला तरी चूर्णाने झाला की आपोआप, हे त्यास कधीच कळत नाही. आणि न झाला तर परतीची वाट कदाचित बंद झालेली असते. पहिल्या निकालात जाहिरात भुरळ ठरली आणि दुसऱ्यात माहिती ठरली, ह्यात न्यायालयाची मती पालटली हे खरे असेलही. परंतु ऐकणाऱ्याच्या हाती तपासण्याचे साधन पहिल्या ठिकाणी नव्हते आणि दुसऱ्या ठिकाणी होते, हा फरक त्याहून मोठा आहे. सोयाबीनची उगवण पिवळ्या पानांच्या जातीची, आणि कपाशीचा उतारा चूर्णाच्या जातीचा.

येथे पाश्चात्त्य पंडितांच्या एका प्रसिद्ध वादाचे स्मरण होते. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ गालब्रेथ ह्यांनी १९५८ साली असे प्रतिपादिले की उद्योग ज्या गरजा भागवितो त्या तोच जाहिरातीने निर्माण करतो. त्यावर १९६१ साली हायेक ह्यांनी उत्तर दिले की मनुष्याच्या बहुतेक इच्छा त्यास समाजाकडून लाभतात, साहित्यसंगीताची आवडसुद्धा. तेवढ्याने त्या कृत्रिम ठरत नाहीत. हे उत्तर मला पटते. पैठणीची हौस घेऊन कोणी जन्मास येत नाही. पण भाऊच्या बाबतीत हा सगळा वादच गैरलागू आहे. त्याची गरज कोणी निर्माण केलेली नाही. त्यास कापूस हवा, पीककर्ज फेडावयाचे आहे, ह्या इच्छा भिंती नव्हत्या तेव्हापासूनच्या आहेत. भिंत त्याच्या इच्छेस हात लावीत नाही. ती त्याच्या समजुतीस हात लावते. जाहिरातीवर टीका करणारे बहुधा चैनीच्या वस्तूंची उदाहरणे घेतात, म्हणून ही गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटते.

दादाने मग शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या भांबराजा गावाची गोष्ट काढली. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी टाइम्स ऑफ इंडियात पानभर मजकूर आला: भांबराजा आणि अंतरगाव ह्या गावांत बीटी कपाशीने सुबत्ता आणली आहे आणि तेथे आत्महत्या होत नाहीत, अशा अर्थाचा. तो बातमी म्हणून आला होता. २८ ऑगस्ट २०११ रोजी तोच मजकूर, शब्दास शब्द, त्याच पत्रात पुन्हा आला, तो मात्र बियाणे कंपनीच्या जाहिरातमोहिमेचा भाग म्हणून. मधल्या काळात, २०१० साली, पहिल्या पिढीच्या बीटी कपाशीस गुजरातच्या काही जिल्ह्यांत शेंदरी बोंडअळी दाद देत नाही असे खुद्द कंपनीनेच जाहीर केले होते. मजकुरात त्यायोगे एक अक्षरही बदलले नाही. २०१२ च्या मार्चमध्ये संसदेची कृषिविषयक समिती भांबराजास गेली, तेव्हा गावकऱ्यांनी आत्महत्यांविषयी अगदी निराळी हकीकत सांगितली, पत्रकार पी. साईनाथ ह्यांनी त्या वर्षी मे महिन्यात हे सर्व उघड लिहिले. त्याच मोहिमेतल्या दुसऱ्या एका जाहिरातीत शेतकऱ्यांच्या लाभाचा जो मोठा दावा होता, तो जाहिरात मानक परिषदेने पुराव्यावाचूनचा ठरविला.

ताई ह्यावर उसळली. “ही माझ्या धंद्याची गोष्टच नव्हे! आम्ही चौकट घालतो, खाली ‘जाहिरात’ असे छापतो. बातमीचे सोंग आणणे ही लबाडी आहे, हे मी तुझ्याआधी म्हणते.”

“कबूल. पण मग एक सांग. शब्द तेच होते. २००८ साली ते बातमी होते आणि २०११ साली जाहिरात झाले. शब्दांत जर काही फरक नाही, तर लबाडी कोठे आहे?”

ताई क्षणभर थांबली. “वाचणाऱ्यात,” ती हळूच म्हणाली. “जाहिरात म्हटली की वाचणारा सावध होतो. बातमी म्हटली की तो सावधपणा उतरवून ठेवतो.”

प्रतिपक्षाने उच्चारलेले हे वाक्य मला त्या दिवसातले सर्वांत मोलाचे वाटले. जी गोष्ट तपासता येत नाही तिच्यापाशी मनुष्याजवळ दुसरे एकच साधन उरते: बोलणारा कोण, आणि त्याचा ह्यात लाभ काय, हे पाहणे. तेही साधन काढून घेतले की तो पुरता उघडा पडतो. पुष्कळ जाहिराती एक अक्षरही खोटे न लिहिता हेच करतात. विश्वासू माणसाच्या तोंडाने त्या बोलतात. आणि येथेच वादाला ते वळण लागले जे न लागते तर बरे झाले असते.

दादा म्हणाला, “मामांना विचार. २०१७ साली त्यांनी कोणते बी घातले आणि का घातले?”

थोरले काका, म्हणजे भाऊचे वडील व दादाचे मामा, जवळच खाटेवर पहुडले होते. त्या वर्षी एका कंपनीच्या वाणासाठी ताईने चार शब्दांची ओळ लिहिली होती. ती ह्या भागातल्या भिंतींवर लागली, आणि काकांनी गावभर अभिमानाने सांगितले की ही आमच्या पोरीची ओळ. सर्व रान त्यांनी त्याच बियाण्याने भरले. त्याच साली शेंदरी बोंडअळीने विदर्भातील कपाशी खाल्ली.

“सगळ्यांचीच खाल्ली,” काका उठून बसत म्हणाले. “तिच्या बियाचीच खाल्ली असं नाही. पोरीवर कशाला ढकलता?”

हे अक्षरशः खरे होते. ती अळी नावे वाचून बोंडात शिरली नव्हती. तेच जनुक असलेली सर्व पाकिटे त्या वर्षी तिच्यापुढे सारखीच दुबळी ठरली. नुकसानीचे कारण ताईची ओळ नव्हती. तथापि काकांनी तो वाण का निवडला, ह्याचे कारण मात्र तीच ओळ होती. ताईचा चेहरा उतरला. “त्या ओळीत एकही शब्द खोटा नव्हता,” ती म्हणाली.

“नव्हता,” दादा म्हणाला. त्याचाही आवाज आता खाली आला होता. “तपासण्याजोगाही एकही नव्हता.”

काही वेळ कोणी बोलले नाही. नंतर ताईने जे विचारले त्याचे उत्तर दादास धड देता आले नाही, आणि मलाही अद्याप देता आलेले नाही. ती म्हणाली, “बरे, भिंती सगळ्या पुसून टाका. मग भाऊ बी कसे निवडील? शेजाऱ्याला विचारून. शेजारी कोणाला विचारील? तुला. आणि तुला कोणत्या पाकिटावर किती सुटतात, हे भिंतीवर लिहिलेले नसते.” दादा ह्यावर काहीसा ओशाळला. तिचे म्हणणे पोकळ नव्हते. वरंगळ जिल्ह्यातील कापूसशेतकऱ्यांत अनेक वर्षे राहून ग्लेन स्टोन ह्या मानववंशशास्त्रज्ञाने २००७ साली असे दाखविले की गावेच्या गावे एखाद्या बियाण्यामागे एकाएकी धावतात आणि एक-दोन हंगामांत ते सोडून देतात. का घेतले असे विचारता शेजाऱ्याने घेतले ह्यापलीकडे सबळ कारण क्वचितच निघते. नावे इतक्या झपाट्याने येतात आणि जातात की एका बियाण्याचा अनुभव गाठीस बांधावा तोवर ते बियाणे बाजारातून गेलेले असते. अशा स्थितीत भिंत नसली तरी भुरळ राहते. फक्त तिचे मानधन कोणास पोहोचते ते बदलते.

भाऊ आतापर्यंत ऐकत होता. त्याने पत्रकाची घडी केली आणि आपला बेत सांगितला. सात एकर एका नावावर लावावयाचे नाहीत. एकाच वावरात, जमीन एकसारखी आहे अशा जागी, तीन निरनिराळ्या पाकिटांच्या आठ-आठ तासांच्या पट्ट्या घालावयाच्या. अंतर तेच, खत तेच, डवरणी त्याच दिवशी. पाऊस तिघांवर सारखाच पडेल. धुऱ्याकडचे तास मोजावयाचे नाहीत, कारण तेथली झाडे मोकळ्या उजेडावर वाढतात आणि जास्त बोंडे धरतात. मधल्या तासांतली वीस-वीस झाडे न निवडता धरून त्यांची बोंडे मोजावयाची, आणि प्रत्येक पट्टीचा प्रत्येक वेचा वेगळ्या गाठोड्यात बांधून तोलावयाचा. एका वावरावरून गावचे ठरत नाही, म्हणून आणखी दोघा-तिघांनी आपापल्या रानात हेच करावे असे तो म्हणाला. करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रातही तो विचारणार होता.

“एका पट्टीत हे भिंतीवरचे घाल,” ताई म्हणाली. “मलाही पाहायचे आहे.”

“घालतो. मार्गशीर्षापर्यंत तिन्ही वेचे होतील, मग आकडे कळवतो.” मग तो दादाकडे वळला. “ज्याचा जास्त निघेल तेच पुढच्या वर्षी सात एकरांत. तेवढे तू राखून ठेवशील ना?”

“बी राखून ठेवण्याचे काही नाही,” दादा म्हणाला. “पण पुढच्या मे महिन्यात ते नाव बाजारात असेलच, हे मला आज सांगता येत नाही.”